वक्ता मराठीत, श्रोते गुजरातीत: दुभाष्यासाठी थांबत करायचं भाषण कसं लिहायचं

वडोदऱ्यात असे कार्यक्रम नेहमी होतात. पुण्यामुंबईहून पाहुणा वक्ता येतो, विषय सयाजीराव महाराजांच्या काळातला असतो, निम्मं सभागृह मराठी आणि निम्मं गुजराती. वक्ता चार वाक्यं मराठीत बोलून थांबतो, दुभाषी ती गुजरातीत सांगतो, मग वक्ता पुढे जातो. अशा वेळी भाषण लिहून देण्याचं काम तुमच्याकडे आलं, तर नेहमीचं भाषण लिहून त्यात मध्ये मध्ये ‘थांबा’ असं टाकून चालत नाही. थांबा आधी ठरतो आणि वाक्यं त्याच्या मापानं लिहावी लागतात.

उदाहरणासाठी बडोदे संस्थानातल्या ग्रंथालयांवरचं चाळीस मिनिटांचं व्याख्यान घेऊ.

आधी वेळेचा हिशोब

आयोजक चाळीस मिनिटं म्हणाले, तरी स्वागत, हार-तुरे आणि ओळख यांत पाच मिनिटं गेलीच असं धरा. उरली पस्तीस. त्यातली निम्मी वक्त्याची, असं वाटतं, पण तेवढीही मिळत नाहीत. वक्ता थांबल्यावर दुभाष्यानं सुरू करायला एक-दीड सेकंद जातो, दुभाषी थांबल्यावर वक्त्यानं कागदावरची जागा शोधायला तेवढाच जातो. पस्तीस-चाळीस वेळा हे झालं की दीड-दोन मिनिटं उडाली. शिवाय दुभाषी सहसा वक्त्यापेक्षा थोडा जास्त वेळ घेतो, कारण मूळ वाक्यात गृहीत धरलेलं काहीतरी त्याला उलगडून सांगावं लागतं. म्हणून वक्त्याच्या वाट्याला सोळा मिनिटं धरा. दुभाषी असताना कागदावरून सावकाश वाचण्याचा वेग मिनिटाला साधारण शंभर शब्द असतो. म्हणजे तुम्हाला सोळाशे शब्द लिहायचे आहेत, एकही जास्त नाही.

हा आकडा वक्त्याला लिहायच्या आधीच कळवा. ‘चाळीस मिनिटं’ ऐकून त्यानं चार हजार शब्दांचा लेख तयार ठेवलेला असतो, आणि व्यासपीठावर गेल्यावर तो काही कापत नाही. मग घाईघाईनं वाचतो, तुकडे लांबतात, आणि दुभाषी तीन मिनिटांच्या मजकुराचा तीन वाक्यांत सारांश देऊन मोकळा होतो. त्याचा दोष नसतो, पण श्रोत्यांना तो त्याचाच वाटतो.

एका तुकड्यात किती

एका तुकड्यात चाळीस ते पन्नास शब्द, म्हणजे पंचवीस-तीस सेकंद. एवढं चांगला दुभाषी फारसं टिपून न घेता डोक्यात धरू शकतो. ऐंशीच्या वर गेलात तर त्याला वहीत टिपणं काढावी लागतात, आणि तशी सवय सगळ्यांना नसते. आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा पेशानं दुभाषी नसलेले लोक करतात. दोन्ही भाषा घरच्यासारख्या येणारे शिक्षक, निवृत्त अधिकारी, मंडळाचे सचिव. त्यांची गुजराती उत्तम असते, पण लांबलचक बोलणं ध्यानात ठेवून परत सांगण्याचा सराव नसतो. तेव्हा दुभाषी कोण आहे हे आधी विचारा, आणि नवखा असेल तर चाळीसच्या वर जाऊ नका.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. दर वाक्याला थांबलं की बोलणं हप्त्याहप्त्यानं येतं आणि एकही विचार उभा राहत नाही. वडोदऱ्यात तर हे फारच खटकतं, कारण इथल्या सभागृहात दोन्ही भाषा समजणारे लोक भरपूर असतात. त्यांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकावं लागतं आणि पाचव्या मिनिटाला ते शेजाऱ्याशी बोलू लागतात.

सगळे तुकडे एका मापाचेही नकोत. पहिले दोन-तीन मुद्दाम पंधरा-वीस शब्दांचे ठेवा. दुभाष्याचे कान वक्त्याच्या आवाजाला लागतात, श्रोत्यांना आलटूनपालटून ऐकायची लय सापडते, माइकची उंची वगैरे सरळ होते. मग मधल्या कथनाच्या भागात साठपर्यंत जायला हरकत नाही. गोष्ट लक्षात राहते. यादी राहत नाही. साठ शब्दांची घटना दुभाषी सहज सांगेल, पण तीस शब्दांत सहा संस्थांची नावं दिलीत तर चार गळतील.

तुकडा कुठे तोडायचा

शब्दसंख्येपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे. प्रत्येक तुकड्यात एकच गोष्ट पूर्ण व्हायला हवी आणि त्याचं शेवटचं वाक्य लहान हवं, पाच-सात शब्दांचं. लहान वाक्य संपताना आवाज आपोआप खाली येतो, आणि दुभाष्याला खूण मिळते की आता माझी पाळी. शेवटचं वाक्य लांब असलं की दुभाषी मध्येच, पहिल्या क्रियापदावर सुरू करतो, दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात. सभागृह हसतं.

‘पण’, ‘कारण’, ‘म्हणून’ यांच्या अलीकडे तोडू नका, जर पुढच्या भागाशिवाय मागचा भाग चुकीचा अर्थ देत असेल तर. ‘महाराजांनी हा खर्च नामंजूर केला’ इथे थांबलात आणि पुढच्या तुकड्यात ‘पण तो पहिल्यांदाच, नंतर मंजुरी दिली’ आलं, तर गुजराती श्रोते अर्धा मिनिट चुकीच्या समजुतीवर बसतात. अपवाद, अट आणि नकार हे ज्या विधानाचे आहेत त्याच तुकड्यात ठेवा.

नव्या तुकड्याची सुरुवात ‘त्यांनी’, ‘तिथे’, ‘हे’ अशी करू नका. वाचताना ही चूक दिसतच नाही, कारण कागदावर मागचं वाक्य लगेच वर असतं. सभागृहात मात्र मध्ये अर्धा मिनिट दुसरी भाषा गेलेली असते. ‘त्यांनी’ म्हणजे महाराज की दिवाण, हे तोवर दोन्हीकडचे श्रोते विसरलेले असतात. प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या वाक्यात नाव पुन्हा घ्या. लेखात हे कंटाळवाणं वाटेल, इथे गरजेचं आहे.

एक परिच्छेद उलगडून पाहू

वक्त्यानं दिलेल्या लेखात हे वाक्य आहे असं समजा:

‘१८९३ पासून अमरेली तालुक्यात प्रयोगादाखल राबवलेलं आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात लागू झालेलं सक्तीचं व मोफत प्राथमिक शिक्षण घेऊन बाहेर पडणारी मुलं वाचनाअभावी पुन्हा निरक्षर होऊ नयेत, या हेतूनं १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास पाचारण करून महाराजांनी मध्यवर्ती ग्रंथालयासह गावोगावी पोचणाऱ्या फिरत्या पुस्तकपेट्यांची जी योजना आखली, ती देशात अग्रेसर ठरली.’

बावन्न शब्द होतात, तेव्हा मापानं एकच तुकडा. पण यात तीन सालं आहेत, एक परकं नाव आहे, आणि मुख्य क्रियापद अगदी शेवटी. ‘मुलं’ कर्ता आहेत की ‘महाराज’, हे अर्धं वाक्य संपेपर्यंत कळत नाही. दुभाषी वाट पाहत राहतो, आणि क्रियापद हाती येईपर्यंत १८९३ हातातून गेलेलं असतं. तो बहुधा एवढंच सांगेल की महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल आणला आणि चांगली ग्रंथालयं काढली. अमरेली गेली, सक्तीचं शिक्षण गेलं, आणि ग्रंथालयं कशासाठी हा मुद्दाही गेला.

हेच तीन तुकड्यांत असं येतं. दोन तिरप्या रेघा म्हणजे थांबा.

‘१८९३ साली सयाजीराव महाराजांनी अमरेली तालुक्यात एक प्रयोग सुरू केला. अमरेली तेव्हा बडोदे संस्थानात होती. तिथे प्राथमिक शिक्षण मोफत झालं, आणि सक्तीचंही झालं. मुलाला शाळेत घालायचं की नाही? हे आता आईबापांच्या मर्जीवर राहिलं नाही. //

अमरेलीतला प्रयोग तेरा वर्षं चालला. मग १९०६ साली सक्तीचं शिक्षण सगळ्या संस्थानात लागू झालं. आता पुढचा प्रश्न होता. मूल चार इयत्ता शिकून शाळेतून बाहेर पडलं, आणि घरात वाचायला एकही पुस्तक नसलं, तर काय होणार? शिकलेली अक्षरं विसरली जाणार. //

शिकलेली अक्षरं टिकवायची, तर पुस्तकं गावात पोचायला हवी होती. १९१० साली महाराजांनी अमेरिकेतून एक ग्रंथपाल बडोद्यात आणला. त्याचं नाव विल्यम बोर्डन. शहरासाठी मध्यवर्ती ग्रंथालय निघालं. आणि गावांसाठी पुस्तकांनी भरलेल्या पेट्या निघाल्या. //’

शब्द जवळजवळ दुप्पट झाले, म्हणजे सोळाशेमधून तेवढे वळते करा. लेखातले किमान अर्धे मुद्दे गाळल्याशिवाय हे जमत नाही. इथे मी ‘देशात अग्रेसर ठरली’ काढून टाकलं आहे. असली विशेषणं दुसऱ्या भाषेत जाता जाता पोकळ होतात, आणि पेट्या डोळ्यांसमोर आल्या की त्यांची गरजही उरत नाही.

प्रत्येक तुकड्यात साल एकच आहे आणि ते तुकड्याच्या पहिल्या भागात आहे. दुभाषी ते ऐकताक्षणी टिपून घेतो आणि उरलेलं निवांत ऐकतो. दुसऱ्या तुकड्याची सुरुवात ‘अमरेलीतला प्रयोग’ आणि तिसऱ्याची ‘शिकलेली अक्षरं’ अशी आहे. मागच्या तुकड्यातला शब्दच पुन्हा घेतला की दुवा सापडतो. अमरेली संस्थानात होती हे वाक्य मराठी श्रोत्यांसाठी घातलं आहे. गुजराती श्रोत्याला अमरेली सौराष्ट्रात आहे हे पक्कं ठाऊक असतं, आणि म्हणूनच ‘मग बडोद्याशी तिचा काय संबंध’ हा प्रश्न त्यालाच आधी पडेल. एका वाक्यात दोघांचं भागलं.

आकडे, नावं आणि ‘मी’

आकडा बोलताना मराठीत एकोणनव्वद म्हणतात, गुजरातीत नेव्यासी. मराठी माणूस नव्वदातून एक वजा करतो, गुजराती करत नाही. ‘एकोण’ ऐकून घाईत नव्वद किंवा नव्याण्णव तोंडातून निघणं अगदी सोपं आहे. यावर उपाय म्हणजे दुभाष्याला वेगळा एक कागद द्या. त्यावर सगळी सालं आणि आकडे, आणि विशेषनामं देवनागरीत व गुजराती लिपीत, भाषणात येतील त्याच क्रमानं, तुकड्याच्या क्रमांकासह. बोर्डनसारखं नाव पहिल्यांदा व्यासपीठावर कानावर पडलं, तर ते गॉर्डन किंवा बर्डन होऊन बाहेर येतं.

दुभाषी वक्त्याच्या वतीनं ‘मी’ म्हणूनच बोलतो. ‘ते असं म्हणत आहेत की’ हे बरोबर नाही, त्यानं प्रत्येक तुकडा चार-पाच शब्दांनी लांबतो आणि वक्ता लांब जाऊन बसतो. पण यात एक अडचण आहे. वक्ता पुरुष आणि दुभाषी बाई असेल, तर ‘मी इथे आलो’ याचं ती काय करणार? गुजरातीतही मराठीसारखंच क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं. ‘हुं आव्यो’ म्हटलं तर कोणीतरी हसतं, ‘हुं आवी’ म्हटलं तर वक्त्याचं बोलणं राहत नाही. नियमानं ‘आव्यो’च बरोबर, पण ही वेळच येऊ न देणं लिहिणाऱ्याच्या हातात असतं. ‘मी इथे आलो’ ऐवजी ‘तुम्ही मला इथे बोलावलंत’. ‘मी या गावात शिकलो’ ऐवजी ‘माझं शिक्षण या गावात झालं’. सगळ्या भाषणात अशी पाच-सहाच वाक्यं असतात, शोधून बदला.

वक्ता स्वतः वडोदऱ्याचा असेल तर मसुद्यात एक वेगळीच गंमत होते. इथल्या घरातल्या मराठीत गुजराती शब्द इतके मुरलेले असतात की लिहिणाऱ्याला ते जाणवत नाहीत. मग दुभाष्याकडे भाषांतराला काही उरतच नाही, तो तेच शब्द थोड्या वेगळ्या प्रत्ययांनी परत म्हणतो. एखाद्या प्रमाण मराठी बोलणाऱ्याकडून मसुदा एकदा वाचून घ्या.

विनोद आणि कविता

विनोदाची तयारी आणि त्याचा शेवट एकाच तुकड्यात हवा, हे उघड आहे. पण दुभाषिक सभागृहात हशा दोनदा येत नाही. मराठी कळणारे लगेच हसतात, आणि दुभाषी तोंड उघडतो तोवर बाकीच्यांना हसण्याची पाळी गेलेली असते. फार तर एक-दोन विनोद ठेवा, शब्दांवरच्या कोट्या अजिबात नकोत, प्रसंगातला विनोद चालतो.

मराठी कवितेच्या ओळी असतील तर त्यांचा स्वतंत्र तुकडा करा, चार ओळींपुढे जाऊ नका, आणि दुभाष्याला अर्थ आधी लिहून द्या. ऐन वेळी कवितेचं भाषांतर करायला सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. उलट, एखादं वचन मुळात गुजरातीच असेल, तर वक्त्यानं त्याचा फक्त मराठी अर्थ सांगावा आणि दुभाष्यानं मूळ ओळ म्हणावी. गुजरातीचं मराठी करून त्याचं परत गुजराती केलेलं ऐकणं गुजराती माणसाला सहन होत नाही, आणि सभागृहातून कोणीतरी मूळ ओळ मोठ्यानं म्हणतोच.

कागद कसा मांडायचा

अक्षर सोळा ते अठरा पॉइंट. प्रत्येक तुकडा वेगळा, मध्ये दोन ओळी मोकळ्या, समासात तुकड्याचा क्रमांक. एका पानावर चार तुकडे, कागदाच्या एकाच बाजूला, आणि कोणताही तुकडा पान ओलांडून पुढे जाता कामा नये. सोळाशे शब्दांची नऊ-दहा पानं होतात. पिन मारू नका. सुटी पानं एकावर एक सरकवता येतात, पिन मारलेली उलटताना माइकमध्ये खरखर येते आणि दुभाष्याचं पहिलं वाक्य त्यात जातं.

तुकड्यांना क्रमांक असल्याचा खरा उपयोग वेळ संपत आल्यावर होतो. पाच-सहा तुकडे गाळता येण्याजोगे आहेत असं आधीच ठरवा आणि दोन्ही प्रतींत त्यांच्याभोवती चौकट करा. वक्ता दुभाष्याकडे वळून हळूच ‘एकतीस’ म्हणाला की काम झालं. हे ठरलेलं नसेल तर वक्ता गुपचूप पान उलटतो आणि दुभाषी, ज्याच्यासमोर संपूर्ण मजकूर आहे, न बोललेला तुकडा गुजरातीत सांगून टाकतो.

मजकूर दुभाष्याला किमान दोन दिवस आधी द्या, पण पूर्ण गुजराती भाषांतर लिहून आणून वाचायला सांगू नका. तो मग वक्त्याचं ऐकणं सोडून स्वतःच्या कागदात शिरतो, आणि वक्त्यानं एक वाक्य जरी बदललं तरी दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. वक्ता जिथे उत्स्फूर्त बोलणार आहे त्या जागा प्रतीत ‘तोंडी’ असं लिहून मोकळ्या सोडा, म्हणजे तिथे दुभाषी कागदावरून नजर काढून कान देतो.

आदल्या दिवशीची चाचणी

दोन्ही भाषा येणाऱ्या एखाद्याला समोर बसवा. सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे मिळून दहा तुकडे वाचून दाखवा, त्याच्या हातात कागद नको. प्रत्येक तुकड्यानंतर त्याला गुजरातीत सांगायला लावा आणि घड्याळ लावा. काय गळतं ते टिपा. गळण्याचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. आधी दुसरा आकडा जातो, मग दोन कारणांपैकी दुसरं, मग ‘फक्त’, ‘बहुतेक’, ‘वगळता’ असले शब्द. जे गेलं ते जोरात वाचून राहणार नाही, त्याला पुढच्या तुकड्यात हलवा नाहीतर काढा. गुजराती वेळ मराठीच्या दीडपट होत असेल, तर तुम्ही फार आवळून लिहिलं आहे, दुभाष्याला ते सोडवत बसावं लागतंय.

शेवटचा तुकडा

दुभाष्याचे आभार भाषणात घालू नका. स्वतःची स्तुती त्याला स्वतःच्याच तोंडानं सांगावी लागते आणि तो ती हमखास गाळतो. ते काम अध्यक्षांना द्या.

मराठी कळणारे श्रोते वक्त्याचं शेवटचं वाक्य संपताच टाळ्या वाजवतात आणि दुभाष्याचा शेवटचा तुकडा त्यात बुडतो. ज्यांच्यासाठी दुभाषी ठेवला, त्यांनाच समारोप ऐकू येत नाही. म्हणून शेवटच्या तुकड्यात ‘एवढं बोलून थांबतो’, ‘धन्यवाद’, ‘जय हिंद’ यातलं काहीच लिहू नका. तो साधा, इतर तुकड्यांसारखाच संपवा. वक्त्यानं माइकपासून हलायचं नाही, दुभाष्याकडे बघत उभं राहायचं. दुभाष्याचं संपलं की मग वक्त्यानं दोन्ही भाषांत चालणारं ‘नमस्कार’ म्हणावं. वक्त्याच्या प्रतीत शेवटच्या दोन तिरप्या रेघांखाली हे ठळक अक्षरात लिहून ठेवा: ‘दुभाषी संपल्यावर नमस्कार’.